कानाच्या पाळीचे सर्वेक्षण: बारावीच्या प्रकल्पातला सर्वांत बोलका आणि सर्वांत नाजूक रकाना

बारावीच्या जीवशास्त्रात आनुवंशिकता शिकवून झाली की विद्यार्थ्यांना वंशावळीचा तक्ता काढायला सांगतात. केंद्रीय मंडळाच्या प्रात्यक्षिकांच्या यादीत त्यासाठी जीभ वळवता येणे, रक्तगट, कपाळावरची टोकदार केशरेषा, रंगांधत्व आणि कानाची पाळी अशी लक्षणे सुचवलेली असतात. त्यांतली कानाची पाळी सर्वांत सोयीची वाटते. रक्त काढावे लागत नाही, आजाराचे नाव घ्यावे लागत नाही, आणि माणूस समोर असला की नुसत्या डोळ्यांनी काम भागते. या लेखात याच एका लक्षणाचे घरोघरी सर्वेक्षण कसे करावे, त्याच्या आकड्यांतून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, आणि हे करताना कोणाच्या घरातली खाजगी गोष्ट उघड्यावर येऊ नये यासाठी काय करावे, हे पाहू. या तिन्ही गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, कारण या सर्वेक्षणाच्या तक्त्यात विज्ञानाच्या दृष्टीने जो रकाना सर्वाधिक बोलतो, तोच माणसांच्या दृष्टीने सर्वांत नाजूक असतो.

पाठ्यपुस्तकी मांडणी अशी आहे. ज्या कानाच्या पाळीचा सर्वांत खालचा बिंदू, पाळी गालाला जिथे जोडलेली असते त्या बिंदूच्याही खाली लोंबतो, ती सुटी पाळी. जिची खालची कड कुठेही खाली न लोंबता सरळ गालाच्या त्वचेत मिसळते, ती चिकटलेली पाळी. हे लक्षण एकाच जनुकावर अवलंबून आहे असे मानले जाते. त्या जनुकाचे दोन पर्याय, म्हणजे दोन अ‍ॅलील, असतात. सुट्या पाळीचा E प्रभावी आणि चिकटलेल्या पाळीचा e अप्रभावी. EE आणि Ee या व्यक्तींची पाळी सुटी, आणि फक्त ee या व्यक्तींची चिकटलेली. ही मांडणी खरी असेल तर तिच्यातून एक अगदी कडक भाकीत निघते. आई आणि वडील दोघांच्याही पाळ्या चिकटलेल्या असतील, तर दोघेही ee असणार, त्यांच्याकडे द्यायला E नसणार, आणि त्यांच्या प्रत्येक मुलाची पाळी चिकटलेलीच असणार. इथे ‘बहुधा’ किंवा ‘साधारणपणे’ या शब्दांना जागा नाही.

हे भाकीत प्रत्यक्षात टिकत नाही, आणि हे अलीकडे कळलेले नाही. १९३७ साली पॉवेल आणि व्हिटनी यांनी एका कुटुंबाची वंशावळ देऊन चिकटलेली पाळी अप्रभावी असल्याचे मांडले. त्याच वर्षी वीनर यांनी आक्षेप घेतला की पाळ्यांचे दोन स्पष्ट गट पडतच नाहीत. पूर्ण लोंबत्या पाळीपासून पूर्ण चिकटलेल्या पाळीपर्यंत मधल्या सर्व पायऱ्या माणसांत आढळतात. पुढच्या कुटुंब-सर्वेक्षणांत चिकटलेल्या पाळीच्या जोडप्यांना सुट्या पाळीची मुले झालेली नोंदली गेली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ७० हजारांहून अधिक लोकांच्या जनुकसंचाची तुलना करण्यात आली, तेव्हा पाळीच्या जोडणीशी संबंध असलेल्या ४९ जागा जनुकसंचात सापडल्या. म्हणजे हे लक्षण एका जनुकाचे नसून अनेक जनुकांच्या एकत्रित परिणामाचे आहे. पाठ्यपुस्तकांतले उदाहरण मात्र सोपे असल्यामुळे टिकून राहिले.

अनेक जनुकांचा परिणाम म्हणजे नेमके काय, हे एका लहान काल्पनिक उदाहरणाने पटते. समजा, पाळीच्या आकारात तीनच जनुकांचा वाटा आहे. प्रत्येकाचे मोठ्या लिपीतले अ‍ॅलील पाळीला थोडे अधिक लोंबते करते आणि लहान लिपीतले काहीच करत नाही. अशी मोठी अ‍ॅलील्स तीन किंवा त्याहून अधिक असली तर पाळी आपल्याला सुटी दिसते, दोन किंवा कमी असली तर चिकटलेली दिसते. आता आई AaBbcc आणि वडीलही AaBbcc असे धरू. दोघांकडे दोन-दोनच मोठी अ‍ॅलील्स असल्याने दोघांच्याही पाळ्या चिकटलेल्या दिसतील. त्यांच्या मुलांचा सोळा घरांचा चौकोन मांडला, तर एका घरात AABBcc, म्हणजे चार मोठी अ‍ॅलील्स, येतात आणि चार घरांत तीन येतात. सोळापैकी पाच. म्हणजे या जोडप्याच्या प्रत्येक मुलाची पाळी सुटी असण्याची शक्यता सुमारे ३१ टक्के आहे, आणि त्यात आश्चर्य करण्यासारखे काहीही नाही.

हे आधीच सांगण्याचे कारण असे की या प्रकल्पातून होणारी सर्वांत मोठी हानी एका चुकीच्या अनुमानातून होते. सतरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी आरशात स्वतःची सुटी पाळी पाहते, आई-वडिलांच्या चिकटलेल्या पाळ्या पाहते, वहीतले एकजनुकी सूत्र लावते आणि आपण या दोघांचे मूल नाही असा निष्कर्ष काढते. जन्माच्या नात्याविषयी कानाच्या पाळीवरून काहीही ठरवता येत नाही. एका मुलाबद्दल नाही, एका कुटुंबाबद्दलही नाही. हे वाक्य शिक्षकांनी सर्वेक्षणाच्या आधी, सोळा घरांच्या चौकोनासह, फळ्यावर लिहून समजावले पाहिजे. निकाल लागल्यावर सांगितले तर ती सारवासारव वाटते.

आता मोजणीकडे वळू. ‘सुटी की चिकटलेली’ हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही, कारण मधल्या पाळ्यांच्या बाबतीत पाहणारा आपल्या अपेक्षेप्रमाणे निर्णय देतो. म्हणून प्रकल्पाच्या सुरुवातीलाच तीन वर्ग ठरवून घ्यावेत: सुटी, मधली आणि चिकटलेली. व्यक्तीने मान ताठ ठेवून समोर पाहावे. पाळी गालाला जिथे मिळते तो बिंदू आणि पाळीचा सर्वांत खालचा बिंदू यांच्यातले उभे अंतर, त्वचेला न टेकवता धरलेल्या पारदर्शक पट्टीने पाहावे. ते अंतर शून्य असेल तर चिकटलेली, ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर सुटी, आणि त्यामधले सर्व ‘मधली’. मर्यादा दोन मिलिमीटर घ्या किंवा तीन. ती आपल्या गटाने ठरवायची असते, पण पहिला कान मोजण्यापूर्वी ठरवायची आणि नंतर बदलायची नाही. दोन्ही कान वेगवेगळे नोंदवावेत. एकाच माणसाचे दोन कान दोन वर्गांत पडू शकतात, आणि ही नोंदसुद्धा एकजनुकी मांडणीला अडचणीत आणणारीच आहे.

आपल्याकडे एक अडचण अधिक आहे. बहुतेक घरांत मुलांचे कान लहानपणी टोचतात आणि बायकांच्या कानांत आयुष्यभर कुड्या, झुबे किंवा जड झुमके असतात. वजनाने छिद्र ओघळते, पाळी ताणली जाते, काही आज्यांच्या पाळीचे छिद्र तर पार खालपर्यंत फाटलेले असते. वयानुसारही पाळी लांबते. याचा अर्थ असा की आजीची पाळी आज सुटी दिसत असेल, तर ती जन्मतः किती सुटी होती हे सांगता येतेच असे नाही. त्यामुळे तीन पिढ्यांच्या वंशावळीत आजीच्या पिढीची नोंद सर्वांत कमी विश्वासार्ह असते आणि पुरुषांची नोंद बायकांच्या नोंदीपेक्षा जास्त. नोंदपत्रात ‘छिद्र ओघळलेले आहे का’ हा एक साधा प्रश्न ठेवावा आणि उत्तर होकारार्थी असलेल्या व्यक्ती मुख्य हिशेबातून वेगळ्या काढाव्यात. दागिने काढायला कोणालाही सांगू नये. ते न काढता नीट दिसत नसेल तर ती नोंद रिकामी सोडावी.

आता हिशेब. खाली दिलेले आकडे समजावण्यासाठी कल्पिलेले आहेत. समजा, ५० कुटुंबांतून आई, वडील आणि मुले यांच्या नोंदी आल्या. ‘मधल्या’ पाळ्या या पहिल्या हिशेबात ‘सुट्या’मध्ये धरल्या आहेत. शंभर पालकांपैकी ६४ जणांच्या पाळ्या सुट्या आणि ३६ जणांच्या चिकटलेल्या निघाल्या. वीस घरांत दोन्ही पालक सुट्या पाळीचे, चोवीस घरांत एक सुट्या आणि एक चिकटलेल्या पाळीचा, आणि सहा घरांत दोघेही चिकटलेल्या पाळीचे. पहिल्या गटात ३६ मुले, त्यांतली ८ चिकटलेल्या पाळीची. दुसऱ्या गटात ४४ मुले, त्यांतली १८ चिकटलेल्या पाळीची. तिसऱ्या गटात १० मुले, त्यांतली ६ चिकटलेल्या आणि ४ सुट्या पाळीची.

पहिल्या गटाकडे पाहून बहुतेक विद्यार्थी ३:१ हे गुणोत्तर लावतात. ३६ चा चौथा भाग ९, प्रत्यक्षात ८. मेंडेल बरोबर ठरला असे लिहून ते मोकळे होतात. हा हिशेब चुकीचा आहे. ३:१ हे गुणोत्तर दोन्ही पालक Ee असतील तेव्हाच लागू पडते. सुट्या पाळीचे काही पालक EE असणारच, आणि कोण EE व कोण Ee हे बाहेरून दिसत नाही.

ते लोकसंख्येच्या आकड्यावरून अंदाजता येते. चिकटलेल्या पाळीचे, म्हणजे ee, लोक ०.३६ असतील, तर e या अ‍ॅलीलचे प्रमाण q हे त्याचे वर्गमूळ, म्हणजे ०.६, आणि E चे ०.४. मग Ee व्यक्ती २ × ०.४ × ०.६ = ०.४८. सुट्या पाळीचे एकूण लोक ०.६४; म्हणजे त्यांच्यापैकी ०.४८ ÷ ०.६४ = ०.७५, चारांतले तीन, Ee असणार. एक पालक सुट्या आणि दुसरा चिकटलेल्या पाळीचा असेल तेव्हा मूल ee असण्याची शक्यता ०.७५ × ०.५ = ०.३७५. दोन्ही पालक सुट्या पाळीचे असतील तेव्हा ०.७५ × ०.७५ × ०.२५ = ०.१४ च्या आसपास. अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञ स्नायडर यांच्या नावाने ही गुणोत्तरे ओळखली जातात. या हिशेबामागे एक गृहीतक आहे: लग्ने जुळताना पाळीचा विचार होत नाही. स्थळ पाहताना कोणी कानाची पाळी तपासत नाही, तेव्हा ते बरेचसे मान्य करता येते. मात्र आपल्याकडची लग्ने पुष्कळदा ठरावीक समूहांतच होतात, काही समाजांत आते-मामे भावंडांतही होतात, त्यामुळे हा आकडा अंदाजाचाच समजावा.

या सूत्राने पहिल्या गटात ३६ पैकी ५ मुले चिकटलेल्या पाळीची अपेक्षित आहेत, मिळाली ८. दुसऱ्या गटात ४४ पैकी १६.५ अपेक्षित, मिळाली १८. अपेक्षित आणि प्रत्यक्ष आकड्यांतला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का हे तपासणारी काय-वर्ग चाचणी लावली तर पहिल्या गटाची किंमत २ च्या जवळ आणि दुसऱ्याची ०.२ च्या जवळ येते. दोन्ही ३.८४ या प्रचलित मर्यादेच्या आत आहेत. (एकाच घरातली भावंडे परस्परांपासून स्वतंत्र नोंदी नसतात, त्यामुळे ही चाचणीसुद्धा ढोबळच.) म्हणजे पहिल्या दोन गटांपुरते पाहिले तर एकजनुकी मांडणी खोटी ठरत नाही. अनेक जनुकांचे लक्षणही या दोन गटांत साधारण असेच आकडे देऊ शकते, हे मात्र लक्षात राहिले पाहिजे. या दोन गटांवर थांबणारा प्रकल्प पाठ्यपुस्तकाला दुजोरा देतो आणि फसतो.

निकाल लागतो तो तिसऱ्या गटात. तिथे अपेक्षा १० पैकी १० ची आहे आणि अपवाद शून्य असायला हवेत. अपेक्षित संख्या शून्य असल्यामुळे काय-वर्ग चाचणी इथे लावताच येत नाही, आणि लावण्याची गरजही नाही. एकही खरा अपवाद मिळाला तर मांडणी जशीच्या तशी उभी राहू शकत नाही. म्हणून त्या चार अपवादांची कसून तपासणी हवी, आणि ती तपासणी फक्त मोजणीची असावी, नात्यांची नव्हे. दुसऱ्या निरीक्षकाने, पहिल्याची नोंद न पाहता आणि कोण कोणाचे कोण हे न कळता, सर्व नोंदींतून चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या काही कानांबरोबरच हे कान पुन्हा पाहावेत. समजा, त्यात एका मुलाची पाळी सीमेवरची निघाली आणि एका वडिलांची पाळी दुसऱ्या निरीक्षकाने ‘मधली’ ठरवली, तर दोन अपवाद गळले आणि दोन उरले. उरलेले दोन आणि १९३७ पासूनचे प्रसिद्ध पुरावे एकत्र ठेवले की निष्कर्ष पुरेसा स्पष्ट होतो.

आणि इथेच अडचण सुरू होते. सहा घरे, चार मुले. साठ जणांच्या वर्गात असा तक्ता भिंतीवर लावला, तर ती सहा घरे कोणती हे मधल्या सुट्टीपर्यंत सर्वांना कळते. त्यांतल्या एखाद्या घरात मूल दत्तक असेल आणि ते अजून त्याला सांगितलेले नसेल. कुठे आईचे दुसरे लग्न झालेले असेल. कुठे उपचारांच्या साहाय्याने मूल झालेले असेल. कुठे वडील नसतील आणि त्यांच्याविषयी विचारणेच त्रासाचे असेल. यांतले काहीही नसलेल्या घरावरही कुजबुज होऊ शकते, आणि वर दाखवल्याप्रमाणे बहुधा ती अशाच घरावर होईल.

यावर नावाऐवजी क्रमांक देणे हा नेहमीचा उपाय अपुरा आहे. अधिक चांगली रीत अशी. विद्यार्थ्याने स्वतःच्या घराची नोंद वर्गात देऊ नये आणि वर्गमित्राच्या घरी जाऊन मोजमापही करू नये. प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी एकसारखा, क्रमांक नसलेला लिफाफा पाठवावा. त्यात तीन वर्गांच्या रेखाचित्रांचे एक कार्ड आणि एक नोंदपत्र असावे. नोंदपत्रावर पालकांना उद्देशून लिहावे: जन्माच्या नात्याने आई, वडील आणि मूल या सर्वांच्या नोंदी देणे शक्य असेल आणि तशी इच्छा असेल तरच हे भरावे, अन्यथा कोरे ठेवून लिफाफा बंद करून परत पाठवावा, कारण विचारले जाणार नाही. लिफाफे सर्वांनी परत आणायचे असल्यामुळे कोणाचा कोरा आहे हे कळत नाही. हे पत्र पालकांनी भरायचे, विद्यार्थ्याने नाही, ही बाब महत्त्वाची आहे, कारण घरात काय सांगितलेले आहे आणि काय नाही हे त्यांनाच ठाऊक असते.

याची किंमतही द्यावी लागते. पालकांनी कार्डावरून स्वतः ठरवलेला वर्ग पट्टीने मोजलेल्या वर्गाइतका नेमका नसतो, आणि क्रमांकच नसल्यामुळे वर सांगितलेली फेरतपासणी करता येत नाही. त्यावर तोड अशी काढता येते की जी कुटुंबे आपणहून तयार आहेत आणि विद्यार्थ्यांच्या वर्गाशी संबंधित नाहीत, अशा दहा-बारा कुटुंबांत पालकांची स्वतःची नोंद आणि पट्टीची मोजणी दोन्ही घ्याव्यात, आणि दोन्हींत किती वेळा फरक पडतो ते पाहावे. तो फरक मोठा असेल तर तिसऱ्या गटातल्या अपवादांना तेवढे कमी वजन द्यावे आणि ते अहवालात स्पष्ट लिहावे.

शिवाय एका वर्गाचे आकडे एकटे मांडूच नयेत. दोन-तीन तुकड्यांचे किंवा शेजारच्या महाविद्यालयाचे लिफाफे एकाच पेटीत मिसळून मगच उघडावेत. चिकटलेल्या पाळीच्या जोडप्यांचा गट त्याने मोठा होतो, पुरावा बळकट होतो आणि घर ओळखू येत नाही. वंशावळीचा तक्ता काढून दाखवणे बंधनकारक असेल, तर तो पूर्वी प्रसिद्ध झालेल्या किंवा शिक्षकांनी रचलेल्या कुटुंबाचा काढावा. कानाचे छायाचित्र घेऊ नये. कानाचा आकार माणसागणिक इतका वेगळा असतो की त्यावरून ओळख पटवता येते, आणि एकदा छायाचित्र गटातल्या मोबाइलांवर फिरले की ते परत गोळा होत नाही.

नोंदपत्रात आडनाव, जात, धर्म, गाव यांपैकी काहीही नसावे. कोणी म्हणेल की ‘कोणत्या समाजात किती टक्के’ हे पाहणे रंजक ठरेल. ५० लिफाफ्यांतून असे काही निघत नाही हे एक, आणि शरीराच्या मापांवरून समाजांची उतरंड लावण्याचा इतिहास आपल्या देशाला चांगला ठाऊक आहे हे दुसरे. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या मापांवरून जातींची क्रमवारी मांडली होती. इटलीच्या लोम्ब्रोझो यांनी तर कानाच्या ठेवणीला जन्मजात गुन्हेगाराच्या खुणांत स्थान दिले होते. मराठी वाचकांना परिचित असलेल्या इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंच्या असममितीवर संशोधन केले, तेव्हा त्यांना वंशश्रेष्ठत्वाला आधार देणारा निष्कर्ष मिळाला नाही आणि त्यांनी तो दिलाही नाही.

तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकांनी विद्यार्थ्याला ‘मग तुमच्या घरी काय आहे?’ असे विचारू नये, आणि विचारले तरी ‘माझ्या घराची नोंद मी पाहिलेली नाही, फक्त एकत्रित तक्ता पाहिला आहे’ हे उत्तर खरे आणि पुरेसे असते. निष्कर्षाचा परिच्छेद असा लिहिता येईल: सुट्या पाळीच्या आणि संमिश्र जोडप्यांच्या मुलांतील प्रमाण एकजनुकी मांडणीशी विसंगत दिसले नाही, मात्र दोन्ही पालकांच्या पाळ्या चिकटलेल्या असताना काही मुलांच्या पाळ्या सुट्या आढळल्या, आणि नोंदीतील चुकीची शक्यता गृहीत धरूनही हे एकजनुकी मांडणीशी जुळत नाही, ‘मधल्या’ वर्गात आलेल्या नोंदींची मोठी संख्याही लक्षण अनेक जनुकांवर अवलंबून असल्याचेच सुचवते, या सर्वेक्षणावरून कोणत्याही एका कुटुंबातील नात्याविषयी अनुमान काढता येत नाही. गुणदान झाल्यावर नोंदपत्रे शिक्षकांसमोर फाडून नष्ट करावीत, आणि तसे करण्याचे आश्वासन लिफाफ्यावर आधीच छापलेले असावे.